सिद्धतेच्या आतली अप्रत्यक्ष सिद्धता: नवव्या ओळीत निष्कर्ष आला, तरी गुण शून्य का?

मीनल_कोथरूड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी ईशा बारावी आर्ट्सला आहे, विषय तर्कशास्त्र. मी स्वतः कॉमर्सची, त्यामुळे हा विषय मी तिच्याबरोबरच पहिल्यांदा शिकते आहे. रात्री जेवणं उरकली की आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही घेऊन बसतो. सत्यता कोष्टकं मला जमतात. अडचण अप्रत्यक्ष सिद्धतेची आहे.

परवा तिच्या क्लासमध्ये चाचणी झाली. एक गणित होतं, ४ गुणांचं. त्यात ⊃ म्हणजे "असेल तर", ∨ म्हणजे "किंवा", · म्हणजे "आणि", ~ म्हणजे "नाही"; सी.पी. म्हणजे सोपाधिक सिद्धता आणि आय.पी. म्हणजे अप्रत्यक्ष सिद्धता. तिने असं सोडवलं:

```
१.  A ⊃ (B ∨ C)
२.  B ⊃ D
३.  C ⊃ (A ⊃ D)        / ∴ A ⊃ D
४.  | A                 गृहीत, सी.पी.
५.  | | ~D              गृहीत, आय.पी.
६.  | | ~B              २, ५ एम.टी.
७.  | | B ∨ C           १, ४ एम.पी.
८.  | | C               ७, ६ डी.एस.
९.  | | A ⊃ D           ३, ८ एम.पी.
```

आणि नवव्या ओळीखाली दोन रेघा मारून "सिद्ध" असं लिहिलं. कारण निष्कर्ष A ⊃ D हाच होता आणि तो आला. सरांनी ४ पैकी ० दिले. लाल पेनाने एवढंच लिहिलं आहे: "व्याप्ती बंद नाही".

ईशाचं म्हणणं असं की एकही नियम चुकलेला नाही, प्रत्येक ओळीपुढचं कारण बरोबर आहे, आणि जे सिद्ध करायचं ते अक्षरशः तसंच्या तसं खाली लिहिलेलं आहे. मीही चारदा तपासलं, मलाही नियमात चूक सापडत नाही. मग पुढे अजून काय सिद्ध करायचं उरलं? सरांवर राग नाही, पण कारण कळल्याशिवाय ती पुढच्या गणिताला हात लावायला तयार नाही.

---

रोहित_चिंचवड

ताई, चूक वरच आहे. अप्रत्यक्ष सिद्धतेत नेहमी निष्कर्षाचा निषेध गृहीत धरायचा असतो. इथे निष्कर्ष A ⊃ D आहे. त्यामुळे तिने चौथ्या ओळीत A ⊃ ~D घ्यायला हवं होतं आणि तिथून व्याघात काढायला हवा होता. आधी सी.पी. आणि मग त्याच्या पोटात आय.पी. अशी सरमिसळ केली की गोंधळ होणारच. एकच पद्धत धरा. मी दोन वर्षांपूर्वी बारावी दिली, आम्हाला असंच शिकवलं होतं.

---

निवृत्त_मास्तर

मीनलताई, सरांचं बरोबर आहे. ईशाचंही बहुतांशी बरोबर आहे. एकही नियम चुकलेला नाही, तरीसुद्धा ही सिद्धता पूर्ण नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं, ते सांगतो.

वहीत प्रत्येक ओळीच्या डावीकडे एक छोटं काम करायला सांगा: ही ओळ कोणाकोणाच्या खांद्यावर उभी आहे, त्याचे क्रमांक लिहायचे. आधारविधानं स्वतःच्याच खांद्यावर. गृहीतंही स्वतःच्याच. नियमाने आलेली ओळ ज्या ओळींवरून आली, त्यांचे सगळे क्रमांक तिच्यावर चढतात.

सहावी ओळ २ आणि ५ वर उभी आहे. सातवी १ आणि ४ वर. आठवी या दोन्हींवरून आली, म्हणजे १, २, ४, ५. नववी तिसरीवरून आणि आठवीवरून आली, म्हणजे १, २, ३, ४, ५.

आता प्रश्नात काय मागितलं होतं ते बघा. पहिली तीन विधानं दिली आहेत, त्यांवरून A ⊃ D काढा. म्हणजे शेवटच्या ओळीवर १, २, ३ एवढेच क्रमांक असले पाहिजेत. ईशाच्या नवव्या ओळीवर ४ आणि ५ सुद्धा आहेत. तिने जे सिद्ध केलं ते असं: "ही तीन विधानं खरी असतील, शिवाय A खरं असेल, शिवाय D खोटं असेल, तर A ⊃ D." शेवटच्या दोन अटी प्रश्नाने दिलेल्या नाहीत, त्या ईशाने स्वतःच्या सोयीसाठी उसन्या आणल्या. उसनं फेडल्याशिवाय घर सोडता येत नाही.

आणि नीट बघितलं तर त्या अवस्थेत एक विचित्र गोष्ट आहे. A खरं आणि D खोटं धरल्यावर A ⊃ D खोटंच असतं. तरीही ते खरं म्हणून खाली आलं. घरात कुठेतरी गडबड आहे, हे तीच ओळ ओरडून सांगते आहे. तो निष्कर्ष नव्हता, व्याघाताची चाहूल होती. ईशा दारापर्यंत पोचली आणि दार उघडायचं राहिलं. पुढच्या ओळी अशा:

```
१०. | | D               ९, ४ एम.पी.
११. | | D · ~D          १०, ५ कॉंज.
१२. | D                 ५–११ आय.पी.
१३. A ⊃ D               ४–१२ सी.पी.
```

अकराव्या ओळीवर १, २, ३, ४, ५ हे सगळे क्रमांक आहेत. बाराव्या ओळीत पाचवं गृहीत फिटलं, उरले १, २, ३, ४. तेराव्या ओळीत चौथं फिटलं, उरले १, २, ३. हे मागितलं होतं.

---

मीनल_कोथरूड

मास्तर, हे क्रमांकांचं फारच उपयोगी पडलं. मी सोसायटीचे हिशेब बघते, त्यामुळे उसनवारी लगेच कळली.

पण ईशा शेजारी बसून वेगळाच प्रश्न विचारते आहे. दहाव्या ओळीत D आहे, बाराव्या ओळीतही D आहे. एकच अक्षर. मग अकरावी ओळ लिहून वळसा घालून परत D लाच का यायचं? दहावीवरून थेट सी.पी. लावलं तर काय बिघडलं?

---

निवृत्त_मास्तर

हा प्रश्न तिच्या सरांनाही आवडेल. अक्षर एकच आहे, पण दहाव्या ओळीतला D पाच जणांच्या खांद्यावर आहे आणि बाराव्या ओळीतला चौघांच्या. दहावी ओळ म्हणते, "D खोटं आहे असं धरलं, तर D." बारावी ओळ म्हणते, "A असेल तर D आहेच, ते खोटं धरायची गरज नाही."

ती विचारेल की "D खोटं धरूनही D येत असेल, तर D असणारच ना?" बरोबर. पण ते "असणारच" म्हणजेच अप्रत्यक्ष सिद्धतेचा नियम. तो वापरला, तर तो कागदावर दिसला पाहिजे. हवं तर आय.पी. न लावताही ते दाखवता येतं. पाचवीपासून दहावीपर्यंतचा भाग सी.पी.ने बंद करा, ~D ⊃ D मिळतं. व्यंजनाच्या नियमाने ते ~~D ∨ D होतं, दुहेरी निषेध काढला की D ∨ D, आणि पुनरुक्तीच्या नियमाने D. म्हणजे आय.पी. हा काही आकाशातून पडलेला नियम नाही. सी.पी. आणि तीन बदल-नियम यांना मिळून जे जमतं, तेच तो एका ओळीत करतो. पण ती एक ओळ लागतेच.

---

पेठेतला_जुना

मला हे A, B, C, D डोक्यात राहत नाहीत. कोणीतरी पुण्यातल्या भाषेत सांगेल का? मी गणित आणि तर्क दोन्हींपासून ४० वर्षं लांब आहे, पण धागा वाचायला आवडतो आहे.

---

निवृत्त_मास्तर

नक्की. सदाशिव पेठेत घर आहे असं धरा.

A: मी आज डेक्कनला जातो.
B: मी भिडे पुलावरून जातो.
C: मी लकडी पुलावरून जातो.
D: मी मुठा ओलांडतो.

पहिलं विधान: डेक्कनला गेलो तर भिडे पुलावरून किंवा लकडी पुलावरून जाईन. दुसरं: भिडे पुलावरून गेलो तर मुठा ओलांडली. तिसरं जरा वळणाचं आहे: लकडी पुलाने गेलो, तर डेक्कनला जाताना मुठा ओलांडावीच लागते. निष्कर्ष: डेक्कनला गेलो तर मुठा ओलांडली.

ईशाची सिद्धता आता अशी वाचा. समजा मी डेक्कनला गेलो. समजा तरीही नदी ओलांडली नाही. मग भिडे पुलावरून गेलोच नाही. म्हणजे लकडी पुलावरून गेलो. मग नदी ओलांडली. पण ओलांडली नाही असं धरलं होतं. अशक्य. म्हणून डेक्कनला गेलो तर नदी ओलांडलीच.

---

पेठेतला_जुना

आता कळलं, पण पहिलं विधानच चूक आहे. दुचाकी असेल तर झेड ब्रिजवरून जाता येतं. आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, तेव्हा तिथून जाणार कसं? मग ही सिद्धता टिकते का?

---

निवृत्त_मास्तर

काका, तुमचं निरीक्षण खरं आहे, पण त्याचा मार सिद्धतेवर पडत नाही, आधारविधानावर पडतो. सिद्धता एवढंच सांगते की ही तीन विधानं मान्य केलीत, तर निष्कर्ष नाकारता येणार नाही. झेड ब्रिज आहे म्हणून तुम्ही पहिलं विधान अमान्य करा, तुमचा तो हक्क आहे. भिडे पूल पाण्याखाली असेल तर B खोटं होईल, पण "B असेल तर D" हे तेव्हाही खरंच राहतं.

---

रोहित_चिंचवड

मास्तर, माझ्या प्रतिसादाबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी चुकलो का?

---

निवृत्त_मास्तर

अर्धा बरोबर आहेस बाळा. संपूर्ण निष्कर्षाचा निषेध गृहीत धरून एकाच व्याप्तीत हे गणित सुटतं. पण A ⊃ D चा निषेध A ⊃ ~D नाही. "डेक्कनला गेलो तर नदी ओलांडतो" हे खोटं पाडायचं असेल, तर डेक्कनला जाऊन दाखवावं लागेल आणि नदी न ओलांडता. म्हणजे A · ~D. तू लिहिलेलं A ⊃ ~D हे मी घरी बसून राहिलो तरी खरं ठरतं.

ही चूक कशी ओळखायची, तेही सांगतो, कारण पेपरमध्ये कोणी सांगायला येत नाही. A ⊃ ~D धरून व्याघात शोधायला बसलास, तर तो कधीच सापडणार नाही, कितीही ओळी लिही. A, B, C तिन्ही खोटी धर. तिन्ही आधारविधानं खरी राहतात, A ⊃ ~D सुद्धा खरं राहतं. चारही विधानं एकत्र सुखाने नांदतात, मग भांडण येणार कुठून? दहा-बारा ओळी झाल्या आणि व्याघाताचा पत्ता नाही असं झालं, की आधी गृहीताची ओळ तपासायची, नियम नंतर.

बरोबर निषेध घेतला तर असं होतं:

```
४.  | ~(A ⊃ D)          गृहीत, आय.पी.
५.  | ~(~A ∨ D)         ४ इम्प्ल.
६.  | ~~A · ~D          ५ डीमॉर्गन
७.  | ~~A               ६ सिम्प.
८.  | A                 ७ डी.एन.
९.  | ~D · ~~A          ६ कॉम.
१०. | ~D                ९ सिम्प.
```

इथून पुढे ~B, B ∨ C, C, A ⊃ D या चार ओळी येतात, पंधराव्या ओळीत A ⊃ D चं चौथ्या ओळीशी भांडण लागतं आणि सोळाव्या ओळीत व्याप्ती बंद. ईशाच्या पद्धतीने १३ ओळी, हिने १६. A आणि ~D वेगळे काढण्यातच सहा ओळी गेल्या. सी.पी.ने A फुकट मिळतो, आतल्या आय.पी.ने ~D फुकट मिळतो. निष्कर्ष सोपाधिक असेल तेव्हा मी मुलांना बाहेर सी.पी. आणि आत आय.पी. असंच सांगायचो.

---

बाणेरचा_कोडर

मी रोज लीन नावाच्या, सिद्धता तपासणाऱ्या संगणकभाषेत सिद्धता लिहितो, म्हणून राहवलं नाही. हेच गणित तिथे असं दिसतं:

```lean
import Mathlib

example (A B C D : Prop) (h1 : A → B ∨ C)
    (h2 : B → D) (h3 : C → A → D) : A → D := by
  intro a
  have d : D := by
    by_contra nd
    have nb : ¬B := fun b => nd (h2 b)
    have c : C := (h1 a).resolve_left nb
    exact nd (h3 c a)
  exact d
```

`intro a` म्हणजे ईशाची चौथी ओळ, `by_contra nd` म्हणजे पाचवी. गंमत अशी की `by_contra` लिहिल्या क्षणी स्क्रीनवरचं लक्ष्य D वरून बदलून `False` होतं. त्यामुळे ईशासारखं मध्येच थांबायची सोयच राहत नाही. आत D मिळाला तरी यंत्र म्हणतं, मला D नको, व्याघात दे. वहीवर लक्ष्य दिसत नाही, म्हणून ही चूक वहीवरच होते. मी तिच्या जागी असतो तर पाचव्या ओळीशेजारी बारीक अक्षरात "आता शोधायचं: व्याघात" असं लिहून ठेवलं असतं.

आणि आतल्या खणात मिळालेला `c` खण बंद झाल्यावर बाहेर वापरायला गेलात, तर त्या नावाचं काही ओळखीचं नाही असं यंत्र सांगतं.

पण एक आक्षेप आहे. विरोधाने सिद्धता हीच मुळात कमकुवत गोष्ट आहे. अंतःप्रज्ञावादी, म्हणजे डच गणितज्ञ ब्राउवरची परंपरा, व्याघातावरून काहीच सिद्ध करू देत नाहीत. आणि इथे तर तिची गरजही नाही. आतली पाच ओळींची भानगड काढून `exact (h1 a).elim h2 (fun c => h3 c a)` एवढंच लिहिलं तरी चालतं. मुलांना आधी हे शिकवायला नको का?

---

निवृत्त_मास्तर

लक्ष्य लिहून ठेवायची युक्ती मी तीस वर्षांत कधी सांगितली नाही. सांगायला हवी होती.

दुसऱ्या मुद्द्यावर थोडं थांबा. अंतःप्रज्ञावादी व्याघातावरून काहीच काढू देत नाहीत, हे खरं नाही. A धरलं, व्याघात आला, म्हणून ~A, हे त्यांना पूर्ण मान्य आहे. त्यांच्याकडे ~A चा अर्थच तो आहे. त्यांना अमान्य आहे ती उलटी दिशा: ~D धरलं, व्याघात आला, म्हणून D. कारण त्यातून ~~D मिळतो, आणि ~~D वरून D वर यायला ते तयार नाहीत. आपल्याकडे दोन्ही चाली एकाच आय.पी. नावाखाली शिकवल्या जातात, म्हणून हा फरक लपून राहतो.

इथे गरज नव्हती, हे मात्र बरोबर. भिडे पूल आणि लकडी पूल अशा दोन शक्यता वेगवेगळ्या तपासल्या की काम झालं. पण दरवेळी असा रस्ता निघत नाही. ((A ⊃ B) ⊃ A) ⊃ A हे विधान घ्या. प्रत्येक ओळीला खरं आहे, सत्यता कोष्टक चार ओळींचं आहे, पण अंतःप्रज्ञावादी नियमांनी ते निघतच नाही.

मुलांना आधी काय शिकवावं, यावर मी स्वतः अजून ठाम नाही.

---

बाणेरचा_कोडर

मान्य, मी दोन्ही दिशा एकत्र केल्या. `nb` ची ओळ मीच लिहिली आहे की, B धरून व्याघात, म्हणून ¬B, आणि तिला कसल्याही शास्त्रार्थाची गरज लागली नाही. तरी आधी शक्यता वेगळ्या करायला शिकवावं, हे माझं मत कायम आहे.

---

वैजयंती_स

मी संस्कृतची. वाचताना सारखं न्यायशास्त्र आठवत होतं. तिथे "तर्क" याचा अर्थच हा आहे. डोंगरावर धूर दिसतो आहे, कोणी म्हणालं की अग्नी नसेल, तर उत्तर असं: अग्नी नसता तर धूरही नसता. जे आपल्याला मान्य नाही ते जाणूनबुजून आरोपित करायचं आणि त्यातून अनिष्ट गोष्ट ओढवते असं दाखवायचं.

आणि एक बारकावा ईशाला उपयोगी पडेल. नैयायिक तर्काला प्रमाण मानत नाहीत. यथार्थ ज्ञानात त्याची गणना नाही, अयथार्थ अनुभवात आहे, संशय आणि विपर्यय यांच्या पंगतीत. कारण त्यात जे म्हटलं जातं ते आरोपावर उभं असतं. तो प्रमाणाला मदत करतो, स्वतः प्रमाण होत नाही. मला वाटतं, ईशाची पाच ते अकरा या ओळींची पेटी म्हणजे हेच. आतल्या ओळी कुणी ज्ञान म्हणून बाहेर नेऊ नये.

---

निवृत्त_मास्तर

वैजयंतीताई, आरोप हा शब्द फारच नेमका बसतो. मी यापुढे तो वापरणार.

एका ठिकाणी मात्र मी अडतो. न्यायात तर्क संपल्यावर निश्चय अनुमानानेच होतो, तर्क फक्त शंका दूर करतो. आपल्या सिद्धतेत बारावी ओळ दुसऱ्या कुणाची वाट बघत नाही. व्याघात आला की निष्कर्ष हातात. म्हणजे आपला आय.पी. स्वतःच प्रमाणाचं काम करतो. दोन्ही एकच आहेत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

---

वैजयंती_स

आतल्या ओळींपुरतं साम्य आहे, बाराव्या ओळीपुरतं नाही, असं म्हणू या का? यावर मला अजून वाचायला हवं.

---

रोहित_चिंचवड

मास्तर, एक शंका. आतल्या ओळी बाहेर नेऊ नयेत, हे नियम म्हणून पाठ आहे. पण नेल्या तर खरंच काही बिघडतं का? ईशाच्या बाबतीत तर शेवटी निष्कर्ष बरोबरच होता. तुम्हीच म्हणालात की D खोटं धरूनही D आला तर D असतोच.

---

निवृत्त_मास्तर

ईशाच्या नवव्या ओळीत नुकसान झालं नाही, कारण तिने जे उसनं घेतलं ते नेमकं त्याच गोष्टीचा निषेध होतं. तो योग होता. आठवी ओळ घे. समज, बाराव्या ओळीनंतर, आय.पी.ची व्याप्ती बंद झाल्यावर, कोणी आठवीतला C उचलला आणि असं लिहिलं:

```
१२. | D                 ५–११ आय.पी.
१३. | C                 ८            ← चूक
१४. A ⊃ C               ४–१३ सी.पी.
```

वाचून बघ: डेक्कनला गेलो तर लकडी पुलावरूनच गेलो. आता मी डेक्कनला गेलो आणि भिडे पुलावरून गेलो असं धर. A खरं, B खरं, C खोटं, D खरं. पहिलं विधान खरं, कारण B आहे. दुसरं खरं. तिसरं खरं, कारण C च खोटं. आणि A ⊃ C खोटं. खऱ्या विधानांवरून खोटं निघालं. भिडे पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला तू कागदावर लकडी पुलावर नेलंस.

आठव्या ओळीतला C फक्त "नदी ओलांडली नाही" या आरोपाच्या घरात खरा होता. ते घर बंद झालं तेव्हा तोही गेला. सातवी ओळ B ∨ C मात्र १ आणि ४ वरच उभी आहे, पाचवीवर नाही. ती पाचवीच्या आधी लिहिली असती तर पेटी बंद झाल्यावरही वापरता आली असती. म्हणून ज्या ओळींना आतलं गृहीत लागत नाही, त्या आधी लिहून घ्याव्यात.

---

पेठेतला_जुना

पुलाचं उदाहरण माझ्यासाठी दिलं होतं, ते इथे पुन्हा कामाला आलं याचा आनंद झाला. हे खोटं निघतं ते मलासुद्धा दिसलं.

---

मीनल_कोथरूड

काल रात्री ईशाने सगळा धागा वाचला. सरांकडेही गेली होती. त्यांनी २ गुण वाढवले. मला वाटतं नऊ ओळी बरोबर असताना शून्य जरा जास्तच होतं, पण काही पालक म्हणतात की अपुऱ्या सिद्धतेला गुण देऊच नयेत. यावर आमच्या गटात एकमत नाही.

आता तिने स्वतःहून एक उलटा प्रयोग केला आहे. तिचंच लिहिलेलं देते.

---

मीनल_कोथरूड (ईशा लिहिते आहे)

नमस्कार मास्तर काका. मी विचार केला की ~D आधी धरलं आणि A नंतर, तर काय होईल? असं झालं:

```
४.  | ~D                गृहीत, सी.पी.
५.  | | A               गृहीत, आय.पी.
६.  | | ~B              २, ४ एम.टी.
७.  | | B ∨ C           १, ५ एम.पी.
८.  | | C               ७, ६ डी.एस.
९.  | | A ⊃ D           ३, ८ एम.पी.
१०. | | D               ९, ५ एम.पी.
११. | | D · ~D          १०, ४ कॉंज.
१२. | ~A                ५–११ आय.पी.
१३. ~D ⊃ ~A             ४–१२ सी.पी.
१४. A ⊃ D               १३ ट्रान्स.
```

आधी मी बाराव्या ओळीत D लिहिलं होतं, कारण सवयीने वाटलं की D · ~D आलं म्हणजे ~D पडलं. मग डावीकडे क्रमांक लिहिले आणि दिसलं की आतली पेटी A ची आहे. सगळ्यात शेवटी उघडलेलं गृहीत आधी बंद करायचं, म्हणून पडलं ते A. नवव्या ओळीत पुन्हा निष्कर्ष आला, पण या वेळी मी थांबले नाही. हे चालेल का? आणि सहावी ओळ पाचवीच्या आधी लिहायला हवी होती ना?

---

निवृत्त_मास्तर

ईशा, चालेल. क्रमांक तपासले: बाराव्या ओळीवर १, २, ३, ४, तेराव्यावर आणि चौदाव्यावर १, २, ३. सहावी ओळ २ आणि ४ वरच उभी आहे, म्हणजे पाचवीच्या आधी लिहिलीस तर जास्त नीट.

एक गोष्ट पेपरपुरती. तू ~A सिद्ध करायला A गृहीत धरलंस. काही परीक्षक अप्रत्यक्ष सिद्धतेत निष्कर्षाचा निषेध अक्षरशः मागतात, म्हणजे ~~A गृहीत आणि मग डी.एन.ने A. एक ओळ वाढते. मी स्वतः तुझं आहे तसं मान्य करायचो. तुझे सर काय मान्य करतात, ते परीक्षेच्या आधी त्यांनाच विचार.

---

बाणेरचा_कोडर

ईशा, तुझी बारावी ओळ अंतःप्रज्ञावाद्यांनाही मान्य होईल. A धरलं, व्याघात आला, म्हणून ~A. तेराव्या ओळीपर्यंत सगळं त्यांच्या घरात बसतं. अडतं ते फक्त चौदाव्या ओळीतल्या ट्रान्स.वर, ~D ⊃ ~A वरून A ⊃ D वर येताना. म्हणजे तुझ्या पहिल्या सिद्धतेत जी उडी बाराव्या ओळीत होती, ती या सिद्धतेत चौदाव्या ओळीत जाऊन बसली.

---

मीनल_कोथरूड (ईशा लिहिते आहे)

म्हणजे ~A ⊃ ~D वरून D ⊃ A वर येतानाही तीच अडचण, पण A ⊃ D वरून ~D ⊃ ~A वर येताना नाही? उद्या वहीत दोन्ही करून बघते.